आकडा बदलावा की पृष्ठभाग ओढावा?

कॉम्प्युटरवर यंत्राचा भाग उभा करण्याच्या दोन रीती आहेत. पॅरामेट्रिक मॉडेलिंगमध्ये प्रत्येक पायरी नोंदली जाते: आधी रेखाटन, मग जाडी, मग भोक, मग गोलाई. मागचा आकडा बदलला की पुढचं सगळं नव्याने बांधलं जातं. डायरेक्ट मॉडेलिंगमध्ये असा इतिहास ठेवला जात नाही. समोरचा पृष्ठभाग पकडायचा आणि ओढायचा.

बेअरिंगचा एक ब्रॅकेट घेऊ. त्यात 6204 बेअरिंग बसतं, म्हणून भोक 47 मिमीचं. भोवतीच्या गोल उंचवट्याचा बाहेरचा व्यास 67, म्हणजे भिंत 10 मिमी जाड. भार वाढल्यामुळे आता 6205 बसवायचं ठरलं. त्याला भोक लागतं 52 मिमीचं.

मूळ मॉडेलमध्ये ‘बाहेरचा व्यास = भोक + 20’ असं सूत्र दिलेलं असेल, तर 47 च्या जागी 52 लिहिलं की पुरे. बाहेरचा व्यास आपोआप 72 होतो. भिंत 10 मिमीच राहते आणि मॉडेलला जोडलेलं ड्रॉइंगही सुधारतं. डायरेक्ट रीतीने भोकाचा पृष्ठभाग तेवढा मोठा केला, तर बाहेरचा व्यास 67 वरच थांबतो आणि भिंत साडेसात मिमी उरते. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, कारण भिंत किती हवी हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. त्यामुळे बदलानंतर छेद काढून भिंत मोजलीच पाहिजे.

मग डायरेक्ट रीत कशाला हवी? ग्राहकाकडून ब्रॅकेट बहुधा STEP फाइलमध्ये येतो. या फाइलमध्ये आकार असतो, पण तो कसा घडवला याच्या पायऱ्या सहसा नसतात. एवढ्या एका बदलासाठी सगळा भाग पुन्हा काढत बसण्यापेक्षा आतला आणि बाहेरचा असे दोन्ही पृष्ठभाग निवडून अडीच-अडीच मिमी सरकवणं केव्हाही सोपं. इतिहास असूनही गुंतागुंतीचा असेल, तर तिथेही ही रीत कामी येते. गोलाई ज्या कडेवर टेकलेली असते ती कडच एखाद्या बदलात नाहीशी झाली, तर पॅरामेट्रिक मॉडेल पुढच्या पायऱ्यांवर चुकीच्या खुणा दाखवत अडून बसतं.

खरा धोका दोन्ही रीती न सांगता मिसळण्यात आहे. पॅरामेट्रिक मॉडेलमध्ये पृष्ठभाग सरकवला, तर बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ती इतिहासातली शेवटची पायरी बनते. मूळ रेखाटनात भोक 47 चंच राहतं. पुढे कुणी तिथला आकडा 52 केला, तर जुनं सरकवणं त्यात मिळून भोक 57 होतं आणि बेअरिंग सैल पडतं.

म्हणून, जो भाग वेगवेगळ्या मापांत पुन्हा पुन्हा लागणार आहे तो पॅरामेट्रिक रीतीने बांधा. बाहेरून आलेल्या भागात एकदाच बदल करायचा असेल, तर डायरेक्ट रीत वापरा. स्वतःच्या पॅरामेट्रिक मॉडेलमध्ये पृष्ठभाग सरकवावाच लागला, तर त्या पायरीला कारण सांगणारं नाव द्या.