न बघितलेल्या व्हिडिओचा डेटा

गेल्या महिन्यात आमच्या गटाचा कर्जाचा प्रस्ताव बँकेत जायचा होता. सीआरपी ताईंनी संध्याकाळी सातपर्यंत कागदांचे फोटो मागवले होते, सहा पानं. सचिव ताई पाठवायला बसल्या, तर गोल नुसतं फिरत राहिलं. चार वाजताच मेसेज येऊन गेला होता, आजचा डेटा संपला. त्यांचा रिचार्ज रोजच्या दीड जीबीचा. त्या म्हणाल्या, "अगं, मी तर व्हिडिओ बघतच नाही! नुसतं वर-वर चाळते."

त्या खोटं बोलत नव्हत्या. आम्ही त्यांच्या फोनच्या सेटिंगमध्ये Data usage उघडलं. कोणत्या ॲपने किती डेटा घेतला, त्याची यादी तिथे असते. सगळ्यात वर होतं ते चाळायचं ॲप. त्या दिवसाचे अकराशे एमबी एकट्या त्याचे.

होतं असं, की आपण बोटाने पान वर सरकवतो आणि मध्ये आलेला व्हिडिओ आपोआप सुरू होतो. आवाज बंद असतो, त्यामुळे तो चालू आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. चित्र मात्र फोनमध्ये उतरत राहतं. साधारण स्पष्ट व्हिडिओला मिनिटाला सात-आठ एमबी लागतात, जास्त स्पष्ट असेल तर दुप्पट किंवा त्याहून जास्त. मिनिटाला पंधरा एमबी धरले, तर सव्वा तासात अकराशे एमबी होतात. सकाळी चहाबरोबर, दुपारी जरा टेकल्यावर, मधूनच पोराच्या हातात, असा सव्वा तास कुठेही भरतो.

डेटा संपला की अशा बहुतेक रिचार्जमध्ये नेट बंद पडत नाही, पण वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ केबी. दोन एमबीचं एक पान जायला चार मिनिटांवर वेळ लागतो, सहा पानांना पंचवीस मिनिटं, तीही लाइन तुटली नाही तर. शेवटी शेजारच्या वहिनींच्या हॉटस्पॉटवरून पानं गेली.

मग आम्ही आपोआप चालणं बंद करायला बसलो. फेसबुकमध्ये तीन रेघांवर बोट ठेवा, Settings & privacy मध्ये जा, मग Settings. खाली Media दिसेल. त्यात Autoplay खाली Never Autoplay Videos निवडा. घरी वायफाय असेल तर फक्त वायफायवर चालू ठेवायचा पर्यायही तिथेच आहे. आता व्हिडिओवर बाणाची खूण दिसेल आणि आपण दाबल्याशिवाय तो हलणार नाही. दोन-चार व्हिडिओ सरकवून बघा, स्थिर राहिले तर जमलं. फोन मराठीत असेल तर हीच नावं मराठीत दिसतील.

यूट्यूबवर दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बायकांची गल्लत इथेच होते. व्हिडिओ बघताना वरच्या बाजूला एक छोटं बटण असतं. ते बंद केलं तर एक संपल्यावर दुसरा सुरू होत नाही. पण यादी चाळताना जे हलतं, ते त्याने थांबत नाही. त्यासाठी Settings मध्ये Playback in feeds शोधून Off करावं लागतं. दोन्ही करा.

ब्राउझरचं सांगायचं तर क्रोम आवाजासकट आपोआप चालणारे व्हिडिओ बहुतेक वेळा अडवतो, मुके मात्र चालू देतो. बातमी वाचताना कोपऱ्यात हलत राहतो तो हाच. फायरफॉक्समध्ये Autoplay हा पर्याय आहे, त्यात Block audio and video निवडलं की मुकेही थांबतात.

बॅटरीचाही संबंध आहे. व्हिडिओ चालताना फोनला चित्र उलगडायचं काम आणि नेट ओढायचं काम, दोन्ही एकदम करावं लागतं. आणि आपल्याकडे रेंजची एकच काडी असते, तेव्हा टॉवर पकडायला फोन जास्त जोर लावतो. ज्या दिवशी लाइट नसते त्या दिवशी हे लगेच कळतं.

मात्र रील्स आणि शॉर्ट्स यांना हे बटण लागू नाही. ते उघडले की चालणारच. इन्स्टाग्राममध्येही पूर्ण बंद करायची सोय आम्हाला सापडली नाही. तिथे Data saver चालू करता येतो, त्याने पुढचे व्हिडिओ आधीच उतरवून ठेवणं कमी होतं, एवढंच.

सचिव ताईंच्या फोनवर आठवड्याने पुन्हा यादी पाहिली. ते ॲप तिसऱ्या नंबरवर गेलं होतं. नंतर एकदा मुलाने ॲप काढून पुन्हा टाकलं आणि व्हिडिओ परत आपोआप हलायला लागले. तेव्हा ॲप नव्याने टाकलं किंवा फोन बदलला, की हे सगळं पुन्हा एकदा करावं लागतं.