अनेक कर्जांचे एकच कर्ज: फायदा कुठे, फसगत कुठे

क्रेडिट कार्डाची थकबाकी हे भारतातील सर्वांत महागड्या कर्जांपैकी एक आहे. अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे ४२ टक्के व्याज लागते. त्यामुळे सगळी देणी एका वैयक्तिक कर्जातून फेडण्याचा मार्ग निवडला जातो.

समजा, दोन कार्डांवर मिळून दीड लाख रुपये थकले आहेत आणि ३० टक्के दराचे ५० हजारांचे छोटे कर्ज आहे. या दोन लाखांवर महिन्याचे व्याजच साडेसहा हजार होते, त्यावर कार्डाच्या व्याजावरील जीएसटी वेगळा. हीच रक्कम १६ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतली, तर हप्ता सुमारे ७,०३० रुपये बसतो आणि मुद्दलही फिटत जाते. एकूण व्याज सुमारे ५३ हजार.

मुदत पाच वर्षे केली की हप्ता ४,८६४ रुपयांवर येतो, पण व्याज ९२ हजारांच्या घरात जाते. हलका हप्ता इथेच फसवतो. प्रक्रिया शुल्क आणि जुने कर्ज मुदतीआधी फेडण्याचा आकारही हिशेबात धरावा लागतो.

खरा घात मात्र रिकाम्या झालेल्या कार्डांमुळे होतो. त्यांची मर्यादा पुन्हा मोकळी होते, खरेदी सुरू होते आणि हप्त्याच्या जोडीला नवी थकबाकी उभी राहते. नव्या कर्जानंतर एकाही कार्डाचे बिल पूर्ण भरता आले नाही, तर तो धोक्याचा पहिला इशारा समजावा. म्हणून एक कार्ड ठेवून बाकीची लेखी अर्ज देऊन बंद करावीत.