गरम पाणी आधी गोठते तेव्हा

सारख्या आकाराच्या दोन भांड्यांत सारखेच पाणी घेतले, एकात ३५ अंश सेल्सिअसचे आणि दुसऱ्यात नुकतेच उकळलेले, आणि दोन्ही भांडी एकदमच फ्रीझरमध्ये ठेवली, तर कोमट पाण्याचा बर्फ आधी व्हायला हवा. गरम पाण्याला गोठण्यापूर्वी केव्हातरी ३५ अंशांवर यावेच लागणार, आणि ते तिथे पोचेल तोवर दुसरे भांडे बरेच पुढे गेलेले असणार. या तर्कात वरवर पाहता खोट सापडत नाही. तरीही कधीकधी गरम पाणीच आधी गोठते. या उलट्या निकालाला ‘एम्पेम्बा परिणाम’ म्हणतात.

हे नाव टांझानियातल्या एका शाळकरी मुलाचे आहे. १९६३ साली एरास्टो एम्पेम्बा मगाम्बा इथल्या माध्यमिक शाळेत शिकत होता. तिथली मुले दूध उकळून, त्यात साखर घालून, ते निवल्यावर शाळेच्या फ्रीझरमध्ये ठेवून आइस्क्रीम करत. एके दिवशी फ्रीझरमधली जागा संपत आली, म्हणून एम्पेम्बाने आपले दूध निववायची वाट न पाहता गरमच आत सरकवले. त्याच वेळी दुसऱ्या एका मुलाने न उकळलेले दूध ठेवले होते. दीड तासाने पाहिले तर एम्पेम्बाचे दूध गोठले होते आणि दुसऱ्याचे अजून दाटसर द्रवच होते. शिक्षकांनी ही त्याची गफलत ठरवली, वर्गातल्या मुलांनी चेष्टा केली. पुढे इरिंगा इथल्या हायस्कुलात दार-ए-सलाम विद्यापीठीय महाविद्यालयाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक डेनिस ऑस्बॉर्न व्याख्यानाला आले, तेव्हा एम्पेम्बाने ३५ आणि १०० अंशांच्या पाण्याचा हा प्रश्न त्यांच्यापुढे मांडला. मुले हसली. ऑस्बॉर्न यांचाही विश्वास बसला नव्हता, पण परत गेल्यावर त्यांनी प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला करून पाहायला सांगितले. गरम पाणीच आधी गोठल्याचे तंत्रज्ञाने कळवले. बरोबर उत्तर येईपर्यंत प्रयोग चालू ठेवू, असेही तो म्हणाला. बरोबर उत्तर कोणते, हे त्याच्या मनात आधीच ठरलेले होते.

१९६९ मध्ये एम्पेम्बा आणि ऑस्बॉर्न यांचा संयुक्त लेख प्रसिद्ध झाला. निरीक्षण मात्र फार जुने आहे. पाणी लवकर थंड करायचे असेल तर लोक ते आधी उन्हात ठेवतात, असे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले आहे. सतराव्या शतकात बेकन आणि देकार्त यांनीही अशा निरीक्षणांची दखल घेतली होती.

कोड्याची पहिली गाठ उष्णतेच्या हिशेबात सुटते. एक किलो पाणी एक अंशाने थंड करायला त्यातून सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. शून्य अंशाच्या एक किलो पाण्याचा शून्य अंशाचाच बर्फ करायला तब्बल ३३४ किलोज्यूल काढावे लागतात. म्हणजे ३० अंशांच्या किलोभर पाण्याचा बर्फ करायला सुमारे १२६ आणि ३३४, मिळून ४६० किलोज्यूल बाहेर जायला हवेत. ८० अंशांच्या पाण्यातून ६६९. गरम पाण्यावरचे ओझे जवळजवळ दीडपट. मात्र दोन्ही हिशेबांत सर्वात मोठा किंवा निदान निम्मा वाटा प्रत्यक्ष गोठण्याचा आहे, आणि तो पाणी किती उरले आहे यावर ठरतो.

गरम पाणी उघड्या भांड्यात असेल तर ते सगळे उरतच नाही. वाफ होऊन जाणारा प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर साधारण २.३५ किलोज्यूल घेऊन जातो. समजा, ८० अंशांचे ते किलोभर पाणी पसरट परातीत कोरड्या, गार वाऱ्यात ठेवले आणि शून्यावर येईपर्यंत त्यातले १०० ग्रॅम उडून गेले. या वाफेने सुमारे २३५ किलोज्यूल नेले. थंड होण्यासाठी लागणाऱ्या ३३५ पैकी १०० उरले, आणि गोठवायला राहिले फक्त ९०० ग्रॅम, म्हणजे ३०१ किलोज्यूल. बेरीज ४०१. ज्यातून वाफ जवळजवळ गेलीच नाही अशा ३० अंशांच्या पाण्याला मात्र ४६० किलोज्यूल बाहेर टाकायचेच आहेत. कॅनडातील जी. एस. केल यांनी १९६९ मध्येच अशा तऱ्हेचे गणित मांडून गरम पाणी बाष्पीभवनाच्या जोरावर शर्यत जिंकू शकते हे दाखवले. मूळ तर्कातली खोट इथे उघडी पडते. गरम पाणी ३५ अंशांवर येते तेव्हा ते दुसऱ्या भांड्यातल्या ३५ अंशांच्या पाण्यासारखे राहिलेले नसते. तापमान तेच, पण पाणी कमी.

पण बाष्पीभवनाने सगळे प्रकार सुटत नाहीत. अरुंद तोंडाच्या भांड्यातून इतके पाणी जात नाही, आणि झाकण लावले तर हा हिशेबच बाद होतो. ऑस्बॉर्न यांनी १०० घन सेंटिमीटरच्या बीकरमध्ये ७० घन सेंटिमीटर पाणी घेऊन प्रयोग केले. त्यांच्याकडे वाफेने झालेली घट फरकाचे कारण ठरेल इतकी नव्हती. गोठायला सुरुवात होण्यास सर्वात जास्त वेळ लागला तो सुमारे २५ अंशांपासून निघालेल्या पाण्याला. ९० अंशांच्या पाण्याला कितीतरी कमी लागला.

या बीकरखाली त्यांनी थर्माकोलसारख्या उष्णतारोधक फोमचा तुकडा ठेवला होता, आणि त्यामागे पक्के कारण होते. जुन्या पद्धतीच्या फ्रीझरमध्ये तळावर बर्फाचा भुसभुशीत थर साचतो. त्यात हवा अडकलेली असल्याने तो उष्णता सहज जाऊ देत नाही. गरम भांडे आपल्याखालचा थर वितळवते, ते पाणी पुन्हा घट्ट गोठते, आणि भांडे थेट थंड पत्र्याला चिकटल्यासारखे होते. थंड भांडे मात्र त्या भुसभुशीत गादीवरच बसून राहते. घरगुती फ्रीझरमध्ये हा परिणाम दिसला तर सर्वात आधी संशय घ्यावा तो इथेच. फोममुळे ऑस्बॉर्न यांच्या प्रयोगातून हे कारण वगळले गेले.

मग त्यांनी बोट ठेवले पाण्यातल्या प्रवाहांवर. तापलेल्या पाण्यात वरचा थर गरम आणि तळ थंड असा फरक टिकून राहतो. वरचे पाणी उष्णता टाकून खाली जाते, खालचे वर येते. पृष्ठभाग गरम राहिल्याने उष्णता झपाट्याने बाहेर पडते. पाण्यावर तेलाचा पातळ तवंग दिला, तेव्हा गोठण्याला कित्येक तास उशीर झाला. वरून होणारी उष्णतेची गळतीच निर्णायक आहे, असे त्यांना त्यावरून वाटले. हे स्पष्टीकरण खरे असेलही, पण प्रवाहांचे वळण भांड्याच्या आकारावर, भिंतीच्या जाडीवर, पंख्याच्या झोतावर अवलंबून असते. एका भांड्यात मिळालेला निकाल दुसऱ्यात टिकेल याची खात्री नाही. उकळल्याने पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते आणि जड पाण्यातले काही क्षार तळाशी बसतात, त्यामुळे ते लवकर गोठते, असाही एक पक्ष आहे. क्षारांमुळे गोठणबिंदू खाली जातो हे खरे. पण पिण्याच्या पाण्यात तो इतका थोडा खाली जातो की मोठा फरक त्यातून निघणे अवघड.

खरी मेख ‘गोठले’ केव्हा म्हणायचे यात आहे. पाणी शून्य अंशाला आपोआप गोठत नाही. बर्फाचा पहिला स्फटिक धरायला एखादा धूलिकण किंवा काचेवरचा ओरखडा लागतो. तो मिळेपर्यंत पाणी उणे पाच, उणे सात अंशांपर्यंतही द्रवच राहते. याला अतिशीतन म्हणतात. उणे सात अंशांवर असलेली बाटली टेबलावर आपटली की आत पांढऱ्या सुया झरझर पसरतात आणि तापमान उडी मारून शून्यावर येते, कारण गोठणारे पाणी उष्णता सोडते. त्या क्षणी बर्फ होतो तो फार तर नऊ-दहा टक्के पाण्याचा. बाकीच्याला पुढे सावकाश गोठावे लागते. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातील जेम्स ब्राउनरिज यांनी या अंगाने बरेच प्रयोग केले. त्यांचा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला: परिस्थिती सारखी ठेवली तर गरम पाणी आधी गोठते ते फक्त थंड पाणी अतिशीत होऊन रेंगाळले तर, आणि तेही थंड पाण्याचा स्फटिक गरम पाण्यापेक्षा काही अंश खालच्या तापमानाला धरत असेल तरच. तापवल्याने हे तापमान वर जाईल, खाली जाईल की तसेच राहील, हे आधी सांगता येत नाही. एम्पेम्बा परिणाम आज दिसतो आणि उद्या दिसत नाही, याचे सर्वात पटणारे उत्तर हेच आहे.

२०१६ मध्ये इंग्लंडमधल्या हेन्री बरिज आणि पॉल लिंडेन यांनी आणखी मुळाशी हात घातला. त्यांनी गोठण्याऐवजी शून्य अंशापर्यंत पोचण्याचा वेळ मोजला आणि आधीच्या प्रयोगांचे आकडेही तपासले. गरम पाणी खरोखर लवकर थंड होते असा भरवशाचा पुरावा त्यांना सापडला नाही. तापमापकाची उंची एखाद्या सेंटिमीटरने वरखाली झाली तरी एम्पेम्बा परिणाम दिसल्याचा भास होतो, हेही त्यांनी दाखवले.

पाण्याच्या रेणूंमधल्या हायड्रोजन बंधांवर बोट ठेवणारा सिद्धांत २०१३ मध्ये सिंगापूरहून आला आणि वर्तमानपत्रांत गाजला. पण ज्या परिणामाची प्रयोगात हमी देता येत नाही त्याचे कारण रेणूंत शोधणे घाईचे होते. वेगळ्या वाटेने मात्र भक्कम काम झाले आहे. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठात अविनाश कुमार आणि जॉन बेखोफर यांनी पाण्यात तरंगणारा काचेचा अतिसूक्ष्म मणी वापरून, ‘गरम’ अवस्थेतून निघालेली प्रणाली ‘कोमट’ अवस्थेतल्या प्रणालीच्या आधी थंड होऊ शकते, हे २०२० मध्ये दाखवून दिले. तिथे गोठणे नव्हते आणि बाष्पीभवनही नव्हते, त्यामुळे पेल्यातल्या पाण्याचा वाद त्याने मिटत नाही.

घरी करून पाहायचे तर दोन्ही भांडी एकाच जातीची घ्यावीत, त्यांना झाकण लावावे, खाली थर्माकोल ठेवावा, आधी आणि नंतर वजन करावे. बर्फाचा पहिला कण दिसला ती वेळ वेगळी टिपावी आणि सगळे पाणी घट्ट झाले ती वेगळी. भांड्यांच्या जागा आलटूनपालटून प्रयोग निदान पाच-सहा वेळा करावा. एका खेपेचा निकाल काहीच सांगत नाही. आणि नुसता लवकर बर्फच हवा असेल, तर फ्रीझरमध्ये थंड पाणीच ठेवावे. गरम पाण्याची उष्णता शेजारच्या जिनसांनाही लागते.