विचारू की बघू?

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मावशीच्या आंब्याच्या डाळीत मीठ दोनदा पडलं. एरवी कुणी मनावर घेतलं नसतं. पण मार्चमध्ये तिने विजेचं बिल दोनदा भरलं होतं, आणि एकदा गिरणीत दळण टाकून आल्यावर ‘डबा कुठे गेला’ म्हणून घरभर शोधलं होतं. मावशी 71 वर्षांची, साताऱ्यात एकटी राहते. तिची मुलगी नाशिकला असते आणि मी दोन गल्ल्या सोडून. आम्हा मावसबहिणींचं रोज रात्री फोनवर एकच चाले: विचारायचं की अजून थोडं बघायचं?

बहिणीला धीर नव्हता. तिने फोनवर विचारलंच, “आई, तुला हल्ली आठवत नाही का गं?” उत्तर आलं, “मला काय वेड लागलंय?” पुढचे चार दिवस मावशी तिच्याशी तुटक बोलत होती. माझं पाप वेगळं होतं. जाता-येता मी ‘आज वार कोणता गं?’ असं सहज विचारल्यासारखं विचारायचे. तिला ते कळत होतं. घरच्या माणसाने घेतलेली परीक्षा कुणालाही कळते आणि अपमानासारखी लागते.

खऱ्या स्मृतिभ्रंशात तर थेट विचारून बहुतेक वेळा काहीच हाती लागत नाही. आपलं काही बिघडलंय याची जाणीवच त्या आजारात अनेकदा मंदावते. माणूस नाकारतो तेव्हा तो खोटं बोलत असतो असं नाही. त्याला ते खरोखर दिसत नाही. उलट, ‘माझं डोकंच चालत नाही हल्ली’ अशी तक्रार जो स्वतः वारंवार करतो, त्याच्यामागे अनेकदा नैराश्य निघतं. म्हणून डॉक्टर जवळच्या माणसालाही विचारतात. त्यासाठी ‘एडी-8’ नावाची आठ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली वापरतात. ‘स्मरणशक्ती चांगली आहे का’ असं त्यात विचारत नाहीत. ‘पूर्वीपेक्षा बदल झालाय का’ असं विचारतात. पैशांच्या व्यवहारात, तोच प्रश्न पुन्हा विचारण्यात, नवं यंत्र शिकण्यात. दोन किंवा अधिक ठिकाणी ‘हो’ आलं, तर नीट तपासणी करायची.

पण बदल सांगायचा तर तो आधी पाहिलेला हवा, आणि आमचं पाहणं म्हणजे निव्वळ चुळबुळ होती. कुटुंबांत ‘थोडं बघू’ याचा अर्थ बहुधा ‘नको तो विषय’ असाच असतो. शेवटी आम्ही एक शंभर पानी वही घेतली आणि चार आठवड्यांची मुदत ठरवली. तारीख, काय झालं, आठवण करून दिल्यावर तिला आठवलं का, आणि त्या दिवशी आणखी काय वेगळं दिसलं, असे चार रकाने आखले.

तिसरा रकाना महत्त्वाचा. चष्मा कुठे ठेवला हे कुणीही विसरतं. ‘देवघराजवळ होतीस ना?’ म्हटल्यावर आठवलं, तर काळजी कमी. आठवण देऊनही तो प्रसंगच पुसून गेलेला असेल, तर नोंद ठळक करायची. मावशीचं दोन्हीकडे होतं. काही नोंदी साध्या विसराळूपणाच्या, काही नाहीत. आणखी एक गोष्ट आम्हाला खटकत होती. वीस वर्षं न चुकवलेलं गुरुवारचं भजनी मंडळ तिने सोडलं होतं. बहीण म्हणे, उदास झालीय. शेजारच्या काकू म्हणत, ऐकू कमी येतंय. मला वाटे, अभंग विसरते म्हणून टाळते आहे. एकाच खुणेत तिन्ही अर्थ बसत होते, आणि नुसतं बघत राहून त्यातला एकही गळत नव्हता.

गाठ उकलायला सुरुवात झाली ती चौथ्या रकान्यापासून. ‘पाण्याचा तांब्या उशाशी.’ ‘तोंडाला कोरड म्हणते.’ ‘इसबगोल आणायला सांगितलं.’ अशा नोंदी आठवड्यात तीन-चारदा येत होत्या. विसराळूपणाशी त्यांचा संबंध काय, हे मला तेव्हा कळलं नाही. पण आता बोलायला काहीतरी नेमकं हातात होतं, आणि ते स्मरणशक्तीबद्दल नव्हतं.

एका दुपारी मेथी निवडताना मी म्हणाले, “मावशी, तीन गुरुवार तू भजनाला आली नाहीस. मला चुकल्यासारखं होतं.” एवढंच बोलून मी मेथी निवडत राहिले. बराच वेळ गेल्यावर ती खालच्या आवाजात म्हणाली, “दोन तास बसवत नाही बाळा. मध्येच उठावं लागतं, आणि कधी कधी पोचेपर्यंत...” मग पिठाच्या डब्यामागून तिने गोळ्यांची पट्टी काढली. फेब्रुवारीच्या शेवटी ती शेजारणीला घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आली होती. लाजेने मुलीलाही सांगितलं नव्हतं. गोळी होती ऑक्सिब्युटिनिनची.

वारंवार होणाऱ्या लघवीवर हे औषध देतात. मूत्राशय आवळलं जातं ते अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनाच्या निरोपावरून, आणि ही गोळी तो निरोप अडवते. पण लाळ सुटायला, आतडी हलायला आणि मेंदूत आठवण साठवायलाही तेच रसायन लागतं. म्हणून तोंडाला कोरड, बद्धकोष्ठता आणि विसराळूपणा हे त्रिकूट एकत्र येतं, तेही वयस्कर माणसांत जास्त. अल्झायमरमध्ये दिलं जाणारं डोनेपेझिल नेमकं उलट करतं, ते हेच रसायन वाढवतं. सर्दीच्या काही जुन्या गोळ्या आणि झोपेसाठी किंवा दुखण्यासाठी दिलं जाणारं अ‍ॅमिट्रिप्टिलिन यांचाही असाच परिणाम होऊ शकतो. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. आम्ही वही आणि पट्टी दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी मीठ-बिलाच्या तारखा गोळीच्या तारखेशी ताडून पाहिल्या, औषध बदललं, आणि बी-12 व थायरॉईडही तपासून घेतलं. बी-12 थोडं कमी निघालं.

सगळ्यांचं इतकं सरळ निघेल असं नाही. महिनाभराच्या वहीतून स्मृतिभ्रंशाचीच वाट दिसू लागते, अशीही घरं आहेत. आणि काही खुणांना वहीची मुदत द्यायचीच नाही. माणूस एक-दोन दिवसांतच गोंधळला, वेळकाळ विसरला, तर संसर्ग किंवा रक्तातलं सोडियम उतरणं अशी कारणं असू शकतात; त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. काही आठवड्यांपूर्वी डोक्याला लहानसा मार बसला असेल, तर मेंदूबाहेर हळूहळू रक्त साठून असाच विसराळूपणा आणि पेंग येऊ शकते. गॅस उघडा राहिला, तर निरीक्षण कसलं करायचं, आधी गॅसची व्यवस्था. आणि ‘आता जगून काय करायचं’ असं कुणी म्हणालं, तर मरणाचे विचार मनात येतात का, हे तेव्हाच स्पष्ट शब्दांत विचारायचं. विचारल्याने तसा विचार मनात भरत नाही. मदतीसाठी टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक आहे.

औषध बदलल्यावरही आम्ही तीन आठवडे वही चालू ठेवली. शेवटच्या आठवड्यात नोंद एकच आहे: छत्री भजनी मंडळात विसरली, सांगितल्यावर लगेच आठवलं.