भेदनचाचणीतील दोषनोंदीची भाषा

मालकाच्या लेखी अनुमतीने संगणकप्रणालीतील दोष शोधण्याचे काम, म्हणजे पेनिट्रेशन टेस्ट, संपल्यावर विकासकाच्या हाती पडते ती दोषनोंद. परीक्षकाने काय पाहिले, त्यावरून काय अनुमानिले आणि विकासकाने काय करावे, अशी तीन प्रकारची विधाने तीत येतात. नोंद फसते ती बहुधा या तिहींच्या सरमिसळीमुळे.

कोल्हापूरनजीकच्या कळंबा येथील पाणीपट्टीची देयके दाखविणारे एक संकेतस्थळ उदाहरणादाखल कल्पावे. ‘प्रणालीत अधिकार-तपासणीचा अभाव आढळतो’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु कोणी, कोठे, काय केले असता तो आढळतो, हे त्यात नाही. त्याऐवजी असे लिहावे: चाचणीसाठी ‘अ’ व ‘ब’ ही दोन खाती घ्यावीत. ‘अ’ म्हणून प्रवेश करून स्वतःचे देयक उघडावे. पत्ता `/bill?id=4107` असा दिसतो. ४१०७ च्या जागी ‘ब’च्या देयकाचा क्रमांक ४१०८ घालावा. अपेक्षा नकाराची, प्रत्यक्षात ‘ब’चे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक दिसतो. दुसरे खातेही परीक्षकाचेच असल्याने कोणा नागरिकाची माहिती उघडावी लागत नाही.

येथवर निरीक्षण झाले. ‘सर्व ग्राहकांची माहिती मिळू शकते’ हे मात्र अनुमान होय. क्रमांक ओळीने वाढतात, हा त्याचा आधार नोंदीत सांगितलाच पाहिजे. तो मान्य केल्यास सीव्हीएसएस ३.१ या मापनपद्धतीने पुढील मांडणी होते:

```
AV:N/AC:L/PR:L/UI:N/S:U/C:H/I:N/A:N
```

हल्ला जाळ्यावरून व सहज होतो. साधे खाते पुरते. गोपनीयतेची हानी मोठी. गुण ६.५, श्रेणी मध्यम. दोष भयंकर वाटला म्हणून ‘अतिगंभीर’ लिहिण्याचा मोह परीक्षकांना होतो खरा. पण देयक बदलता येते असे दाखविलेले नसताना तसे लिहिले, तर विकासक पुढील नोंदींवरही विश्वास ठेवीत नाही.

उपायाच्या जागी ‘योग्य तपासणी करावी’ एवढेच लिहिणे म्हणजे काही न लिहिणे. मालकीची अट शोधातच घालावी:

```
SELECT * FROM bills
WHERE id = ? AND consumer_id = ?
```

यातील `consumer_id` विनंतीतून घेऊ नये, तर सर्व्हरवरील सत्रातून घ्यावा. नाहीतर तोही पाठविणाऱ्यास बदलता येईल. क्रमांकाऐवजी लांब यादृच्छिक खूण वापरल्याने अंदाज बांधणे कठीण होते. परंतु ती खूण हाती लागलेल्या परक्यास देयक दिसतेच. म्हणून तो उपाय पूरक ठरतो, पर्यायी नव्हे.

दुरुस्तीनंतर त्याच पायऱ्या पुन्हा कराव्यात. ४१०८ ला आता ‘आढळले नाही’ हेच उत्तर मिळावे, आणि ‘अ’ला स्वतःचे ४१०७ पूर्ववत दिसावे. देयकाची पीडीएफ प्रत उतरवून घेण्याचा मार्ग बहुधा निराळ्या कार्यक्रमखंडातून जातो. पडद्यावरची वाट बंद झाली तरी ती वाट उघडी राहिल्याचे पुष्कळदा फेरतपासणीतच कळते.