यंत्राच्या एका तासाची किंमत

पुणे–नगर रस्त्यावर भीमा नदीकाठी असलेले कोरेगाव भीमा आज सणसवाडी, शिक्रापूर आणि रांजणगाव यांच्या औद्योगिक पट्ट्याचाच भाग झाले आहे. मोठ्या वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरविणारे लहान कारखाने या पट्ट्यात पुष्कळ आहेत. अशा कारखान्याच्या मालकापुढे दोन प्रश्न वारंवार येतात. एखादा भाग स्वतः तयार करावा की बाहेरून घ्यावा? आणि नेहमीच्या भावापेक्षा कमी दराने आलेली एकवेळची मागणी स्वीकारावी काय?

सीमांत परिव्ययाचा नियम सर्वांच्या परिचयाचा आहे. जागाभाडे, पगार, व्याज हे स्थिर खर्च होतच राहणार. म्हणून निर्णयापुरता केवळ बदलता खर्च पाहावा. कारखान्यात यंत्रे रिकामी असतील तोवर हा नियम पुरेसा आहे. यंत्रे पूर्ण भरली की मात्र तो फसवतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका कारखान्यात दोन सीएनसी लेथ असून महिन्याला ४०० तास मिळतात. दरमहा २,५०० बुश आणि ६०० फ्लँज द्यायचे आहेत. बुशचा बदलता खर्च १२० रुपये. तोच तयार भाग बाहेर १५० रुपयांना मिळतो. फ्लँजचा बदलता खर्च २०० रुपये आणि बाहेरचा भाव २६०. बुशला लेथवर ६ मिनिटे लागतात, फ्लँजला २०. म्हणजे बुशसाठी २५० आणि फ्लँजसाठी २०० तास हवेत. ५० तास कमी पडतात, तेव्हा काही माल बाहेरून घेणे भागच आहे.

कोणता घ्यावा? फ्लँज घरी केल्यास नगामागे ६० रुपये वाचतात आणि बुशमागे केवळ ३०. म्हणून बुश बाहेरून घ्यावेत असे कोणासही वाटेल. परंतु येथे टंचाई नगांची नाही, तासांची आहे. लेथच्या एका तासात दहा बुश होतात, म्हणजे ३०० रुपये वाचतात. फ्लँज तीनच होतात, म्हणजे १८०. ५० तासांची तूट १५० फ्लँज बाहेरून घेऊन भरल्यास ९,००० रुपये अधिक जातील. ५०० बुश घेऊन भरल्यास १५,०००. फ्लँजच बाहेरून घ्यावेत.

आता याच महिन्यात एक नवा ग्राहक २०० नग मागतो. दर २१० रुपये, बदलता खर्च १८०, लेथचा वेळ नगामागे १५ मिनिटे. जुन्या वळणाचा हिशेबनीस स्थिर खर्चाचे ६० रुपये मिळवून २४० हा आकडा काढतो आणि नकार देतो. वाणिज्य शिकून आलेली नवी पिढी म्हणते, नगामागे ३० रुपये अंशदान मिळते, एकूण ६,००० रुपये, घ्या. खरे पाहता या मागणीला ५० तास लागणार आणि ते मिळविण्यासाठी आणखी १५० फ्लँज बाहेरून आणावे लागणार. त्यात ९,००० रुपये जातील. म्हणजे ३,००० रुपयांचा तोटा.

हिशेबनिसाचा नकार बरोबर ठरला, पण कारण चुकीचे होते. ग्राहक २३० रुपयांवर आला असता तरी त्याने नकारच दिला असता. तेथे मात्र १०,००० रुपये अंशदानातून ९,००० वजा जाता १,००० रुपये उरतात. किमान दर असा काढावा: बदलता खर्च १८०, अधिक पाव तासात गमावलेले ४५ रुपये, मिळून २२५. मागणी १५० तासांहून मोठी असेल, तर घरी करायचे फ्लँज संपतात आणि बुशवर हात टाकावा लागतो. तेव्हा पुढच्या नगांचा किमान दर २५५ रुपये होतो.

व्यवहारात चूक बहुधा आकडेमोडीत होत नाही, आकडे घेतानाच होते. ऑपरेटर मासिक पगारावर असेल, तर त्याचे वेतन बदलत्या खर्चात धरू नये. सेटिंग बदलण्यात गेलेले तास मात्र धरावेतच. लहान मागणीत तेच भारी पडतात. बाहेरचा भाव मालासह आहे की केवळ मजुरीचा, आणि लेथचा चुरा कोणाकडे राहतो, हे आधी विचारावे. नाकारलेले नग कोणाच्या माथी, हेही ठरवून घ्यावे.

टंचाई खरोखर लेथचीच आहे का, हे कागदावर कळत नाही. ज्या यंत्रापुढे अर्धवट नगांचे क्रेट साचतात, तेथे ती असते. ओव्हरटाइमने तास वाढविता येत असतील, तर त्याचे वेतन दुप्पट दराने धरावे. वीज व हत्यारांचा खर्च नगाच्या बदलत्या खर्चात आधीच आलेला असतो. म्हणून ओव्हरटाइमचे वेतन तासाला १८० रुपयांच्या आत बसले, तर फ्लँज बाहेरून आणण्यापेक्षा तेच स्वस्त पडते.

हा १८०चा आकडाही कायमचा नव्हे. बाहेरचा फ्लँज २५० रुपयांना मिळू लागला, तर तासाची किंमत १५० होते आणि त्याच नव्या मागणीचा किमान दर २२५ वरून २१७.५० वर येतो.