मी शांता शिंदे, वडगाव

‘हे बघा काकू, इथं दाबायचं.’

रेडिओच्या प्रहसनात हे वाक्य आलं की ऐकणाऱ्याचा धागा तिथंच तुटतो. ‘इथं’ म्हणजे कुठं? श्रोत्याला ना रेखाचं बोट दिसतं, ना काकूंचा फोन. बरं, प्रत्येकाच्या हातातला फोनही निराळा असतो. म्हणून दोन शेजारणींचं असं पाच मिनिटांचं प्रहसन लिहिणाऱ्याने बटणांचा नाद आधीच सोडलेला बरा. निरोप काय लिहायचा, हे मात्र कानाने शिकवता येतं. घरगुती गप्पांतून चार कामाच्या गोष्टी सांगायची पद्धत मराठी रेडिओला नवी नाही. आकाशवाणी मुंबईच्या ‘पुन्हा प्रपंच’मधल्या प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजींना लोक आपल्या आळीतल्या माणसांसारखं ओळखत होते.

समजा, शांताकाकूंची मोटार बंद पडली आहे. दुरुस्तीवाल्याचा नंबर कुणीतरी दिला, पण तो फोन उचलत नाही. शेजारची रेखा म्हणते, मेसेज टाका. काकूंचा पहिला मेसेज असतो, ‘हॅलो’. तासभर उत्तर नाही. दुसरा, ‘मोटार बंद आहे लवकर या’. तरी उत्तर नाही. आता काकू चिडतात आणि रेखाला बोलायला जागा मिळते. ‘काकू, तुमचा नंबर त्याच्याकडे कुठाय? त्याला नुसते दहा आकडे दिसणार.’

जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला. नील पॅपवर्थ या तरुण इंजिनिअरने संगणकावरून नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या होत्या. त्यात नाव नसलं तरी चालणार होतं, कारण घेणाऱ्याला चाचणीची कल्पना होती. दुरुस्तीवाल्याचं तसं नाही. शिवाय बऱ्याच फोनवर मेसेज उघडण्याआधी त्याची सुरुवातच तेवढी दिसते. तिथं ‘हॅलो’ दिसलं तर बोट पुढे सरकतं. नाव आणि गाव दिसलं तर थबकतं.

मग रेखा काकूंकडून एकेक तुकडा वदवून घेते. कोण? कुठून? काय झालं? काय हवंय? काकू प्रत्येक तुकडा मोठ्याने म्हणत टाइप करतात. नाटकात याला निमित्त लागतं. काकूंना चष्मा सापडत नाही, एवढं पुरतं. शेवटी पूर्ण मेसेज सलग वाचला जातो:

‘मी शांता शिंदे, वडगाव. मोटार बंद आहे. उद्या सकाळी याल का? हो-नाही कळवा.’

साध्या बटणाच्या फोनवर इथे एक गंमत होते. एसएमएसच्या एका पाकिटात जागा ठरलेली असते. इंग्रजी अक्षरं त्यात १६० मावतात. देवनागरीतला मजकूर प्रत्येक चिन्हाला दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून तिथं ७०. त्यातही काना, मात्रा, अनुस्वार, मोकळी जागा सगळं वेगळं मोजलं जातं. ‘शांता’ आपल्याला दोन अक्षरं वाटतात, फोनला पाच. वरचा मेसेज मोजला तर भरतो ७१. म्हणजे एका पूर्णविरामापायी दोन पाकिटं, आणि मेसेजमागे पैसे कापणारी योजना असेल तर दोन मेसेजचे पैसे. कोपऱ्यातला आकडा बदलल्याचं काकूंनाच आधी दिसावं आणि त्यांनी रेखाला विचारावं, ‘टिंब काढलं तर चालेल का गं?’ शिकणारी अशी एकदा तरी शिकवणारीच्या पुढे गेली नाही, तर प्रहसनाचा तास होऊन बसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ही मोजदाद करावी लागत नाही, हे रेखाने एका वाक्यात सांगून टाकावं.

ध्वनिमुद्रणात दोन गोष्टी हमखास बिघडतात. बटणांचा टकटकाट संवादावर ठेवला तर नेमका मेसेजच ऐकू येत नाही. तो आवाज दोन वाक्यांच्या मधल्या जागेत हवा. दुसरं, दोन्ही बायकांचे आवाज सारखे निघाले की कोण शिकवतंय ते कळत नाही. त्यावर वयाचा फरक आणि ‘काकू’, ‘अगं रेखा’ ही हाक पुन्हा पुन्हा, हा जुना उपाय अजून चालतो. प्रहसन जमलं का, हे पाहायला चार जणांना ते एकदाच ऐकवावं आणि काकूंचा मेसेज आठवेल तसा लिहायला सांगावा. गाव गळलं असेल, तर संहितेत ते घाईत उरकलंय असं समजावं.

शेवटाकडे टिंग वाजतं. उत्तर आलेलं असतं, ‘कोणती मोटार? विहिरीची का घरची?’

‘बघ,’ काकू म्हणतात, ‘मला नाव लिहायला लावलंस, आणि ह्याने स्वतःचं कुठं लिहिलंय?’

‘अहो काकू, त्याचा नंबर तुम्ही सेव्ह केलाय ना!’

‘बरं. मग विहिरीची म्हणून लिहिते. आता टिंब देऊ का?’